हॉट डॉग, तळ्यात गेलेली गाडी आणि कंपनीची अब्रू

जून 2010. शिकागोच्या उत्तरेला लेक ब्लफ नावाचे एक सुखवस्तू गाव आहे. तिथल्या क्नाउझ मोटर्स या विक्रेत्याकडे बीएमडब्ल्यूच्या नव्या 5 सीरीज गाडीचा अनावरण समारंभ होता. समारंभाआधीच्या बैठकीत व्यवस्थापकांनी खाण्यापिण्याचा बेत सांगितला: हॉट डॉगची गाडी, चिप्सची छोटी पाकिटे, बिस्किटे आणि फळे. विक्रेत्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. लाखमोलाची गाडी घ्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हातात हॉट डॉग द्यायचा? त्यांचा बराचसा पगार कमिशनवर होता. गिऱ्हाईक नाराज झाले तर झळ त्यांच्याच खिशाला लागणार होती. समारंभाच्या दिवशी एका विक्रेत्याने त्या खाद्यगाडीचे फोटो काढून ठेवले.

पाच दिवसांनी शेजारच्याच आवारात अपघात झाला. तिथे त्याच मालकांचे लँड रोव्हरचे दुकान होते. तिथल्या विक्रेत्याने एका गिऱ्हाइकाच्या 13 वर्षांच्या मुलाला चालकाच्या जागेवर बसू दिले आणि स्वतः शेजारी बसला. मुलाचा पाय पडला अ‍ॅक्सिलरेटरवर. गाडी मुलाच्या वडिलांच्या पायावरून गेली आणि उतारावरून थेट तळ्यात शिरली. हॉट डॉगचे फोटो काढणाऱ्या विक्रेत्याने याचेही फोटो टिपले. त्याच दिवशी त्याने दोन्ही प्रकार फेसबुकवर टाकले. समारंभाच्या खाण्याची त्याने टिंगल केली होती आणि तळ्यातल्या गाडीखाली खवचट मजकूर लिहिला होता. प्रतिस्पर्धी विक्रेत्यांकडून मालकांच्या कानावर बातमी गेली. आठवड्याभरात त्याची नोकरी गेली.

कर्मचाऱ्याच्या पोस्टमुळे कंपनीची बदनामी झाली, असे म्हटले की वरवर पाहता विषय संपतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय कामगार संबंध मंडळापुढे हे प्रकरण गेले तेव्हा मात्र त्याचे तीन तुकडे झाले, आणि तिन्ही तुकड्यांची उत्तरे वेगवेगळी आली. कर्मचाऱ्यांनी समाजमाध्यमांवर काय लिहावे याचे धोरण आज छोट्यामोठ्या सगळ्याच कंपन्या लिहून काढतात. ते लिहिणाऱ्याने हे तीन तुकडे आधी समजून घ्यावेत.

पहिला तुकडा हॉट डॉगचा. 1935 च्या अमेरिकी कामगार कायद्यातले कलम 7 कामगारांना पगार आणि कामाच्या परिस्थितीबद्दल एकत्रितपणे बोलण्याचा हक्क देते. युनियन असो वा नसो, हा हक्क असतो. समारंभातल्या खाण्याचा विक्रीवर आणि विक्रीचा कमिशनवर परिणाम होऊ शकत होता. शिवाय बैठकीत हा मुद्दा एकट्या त्यानेच काढला नव्हता, इतर सहकाऱ्यांचीही तीच तक्रार होती. म्हणून सुरुवातीची सुनावणी करणाऱ्या न्यायाधीशांनी ही पोस्ट कायद्याने संरक्षित मानली. तिची भाषा टवाळखोर असली तरी निकाल तोच राहिला.

दुसरा तुकडा तळ्यातल्या गाडीचा. ती पोस्ट पगाराबद्दल नव्हती, सुरक्षिततेची तक्रार नव्हती आणि सहकाऱ्यांच्या वतीनेही लिहिलेली नव्हती. एका अपघाताची ती निव्वळ मस्करी होती. तिला संरक्षण मिळाले नाही. नोकरी या पोस्टमुळे गेली असे ठरले आणि सप्टेंबर 2012 मध्ये मंडळाने बडतर्फी कायम ठेवली.

कंपन्यांना खरा धक्का तिसऱ्या तुकड्याने दिला. क्नाउझच्या नियमपुस्तिकेत सौजन्याचा एक नियम होता. कोणीही अनादराने वागू नये, शिवीगाळ करू नये आणि दुकानाच्या प्रतिमेला किंवा नावलौकिकाला इजा होईल अशी भाषा वापरू नये, असे त्यात म्हटले होते. वाचायला निरुपद्रवी वाटणारा हा नियमच मंडळाने बेकायदा ठरवला. कारण सरळ होते. पगार वेळेवर होत नाही, असे कोणी लिहिले तर तेही नावलौकिकाला इजा करणारेच आहे. मग हा नियम वाचणारा साधा कर्मचारी रास्त तक्रारही तोंडातच ठेवील. खटल्यात कंपनी जिंकली, पण तिचा नियम मात्र हरला.

याच सुमारास मंडळाच्या कार्यकारी महाधिवक्त्यांच्या कार्यालयातून तीन परिपत्रके निघाली: ऑगस्ट 2011, जानेवारी 2012 आणि 30 मे 2012. समाजमाध्यमांच्या प्रकरणांचा ढीग साचला होता आणि कंपन्यांना नेमके काय चालेल हे कळत नव्हते. तिसऱ्या परिपत्रकात सात कंपन्यांची धोरणे ओळीओळीने तपासली होती. सहा धोरणांत काही ना काही बेकायदा निघाले. सातवे वॉलमार्टचे होते. ते पूर्णपणे चालण्यासारखे ठरवून त्याचा अख्खा मसुदा परिपत्रकाला जोडला होता.

नापास झालेली वाक्ये वाचताना मराठी वाचकालाही ओळखीची वाटतील. कंपनीची गोपनीय माहिती उघड करू नका, असे एका धोरणात होते. गोपनीय म्हणजे काय ते मात्र सांगितले नव्हते, त्यामुळे स्वतःचा पगारही त्यात बसू शकला असता. अनुचित शेरे टाळा, असे दुसऱ्यात होते, पण अनुचित कोणी ठरवायचे? सहकाऱ्यांना फेसबुकवर मित्र करण्याआधी नीट विचार करा, असा सल्ला देणारेही एक धोरण होते. कामगारांनी आपसात बोलणेच त्यामुळे थांबेल, म्हणून तेही नापास झाले.

वॉलमार्टच्या मसुद्यात वेगळे काय होते? शब्द जवळपास तेच होते, फक्त प्रत्येक मोघम शब्दाच्या मागे उदाहरण जोडलेले होते. छळ किंवा दादागिरी करू नका, म्हणजे कोणाची जाणूनबुजून बदनामी करण्यासाठी आक्षेपार्ह मजकूर टाकू नका किंवा वंश, लिंग, अपंगत्व, धर्म यांवरून वातावरण दूषित करू नका, असे ते सांगत होते. व्यापारी गुपिते म्हणजे यंत्रणा, प्रक्रिया, उत्पादने, तंत्रज्ञान यांच्या विकासाची माहिती, असेही स्पष्ट केले होते. त्यातला सर्वांत शहाणा भाग तक्रारींबद्दलचा होता. कामाच्या तक्रारी सहकाऱ्यांशी किंवा वरिष्ठांशी थेट बोलून सुटण्याची शक्यता जास्त असते, असे त्यात आधी म्हटले होते. त्यानंतर, तरीही तुम्ही तक्रार समाजमाध्यमावर मांडायची ठरवलीत तर धमकी, अश्लीलता आणि छळ टाळा, असे लिहिले होते. तक्रार करायला बंदी नव्हती, ती करण्याची रीत सांगितली होती.

परिपत्रकाचे सार एवढेच होते: मोघम नियम कायद्यात टिकत नाही, उदाहरणांनी हद्द आखून दिली की तोच नियम टिकतो. अमेरिकेतले हे निकष पुढे अनेकदा हलले. 2012 च्या त्या मंडळावरच्या काही नेमणुका अवैध असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये ठरवले, त्यामुळे तेव्हाच्या निकालांचे वजन घटले. 2017 मध्ये मंडळाने नियम तपासण्याची कसोटी मालकांच्या बाजूने सैल केली आणि 2023 मध्ये ती पुन्हा कडक केली. राजकीय वारे बदलले की ही कसोटी बदलते. तक्रार आणि टवाळी यांतला मूळ फरक मात्र टिकून राहिला.

तो किती बारीक असू शकतो हे कनेक्टिकटमधल्या ट्रिपल प्ले नावाच्या बारने दाखवले. मालकांनी करकपातीचा हिशेब नीट केला नाही, त्यामुळे आता सरकारला पैसे द्यावे लागणार, अशी तक्रार एका माजी कर्मचाऱ्याने फेसबुकवर केली. एका स्वयंपाक्याने ती फक्त लाइक केली. एका वाढपी बाईने मालकाला शिवी हासडत आपलीही तीच कथा असल्याचे लिहिले. दोघांनाही काढून टाकले. मंडळाने 2014 मध्ये आणि संघीय अपील न्यायालयाने 2015 मध्ये दोघांच्या बाजूने निकाल दिला. शिवी होती हे खरे, ती ग्राहकांच्या नजरेस पडू शकत होती हेही खरे. पण ती चर्चा कराबद्दल होती, बारच्या खाण्यापिण्याबद्दल नव्हती आणि ग्राहकांना पळवून लावण्याचा तिचा हेतूही नव्हता.

आता दुसरे टोक पाहू. एप्रिल 2009 मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या डॉमिनोज पिझ्झाच्या एका दुकानात दोन कर्मचाऱ्यांनी स्वयंपाकघरात खाद्यपदार्थांशी किळसवाणे चाळे करत चित्रफीत काढली आणि यूट्यूबवर टाकली. दोन-तीन दिवसांत ती दहा लाखांहून अधिक वेळा पाहिली गेली. तो पदार्थ गिऱ्हाइकापर्यंत गेलाच नव्हता, आम्ही गंमत करत होतो, असे त्यांचे म्हणणे होते. दोघांची नोकरी गेली आणि फौजदारी गुन्हेही दाखल झाले.

इथे पोस्टपेक्षा कृत्यच मोठे होते. फोन खिशात असता तरी स्वयंपाकघरातला तो प्रकार बडतर्फीलाच पात्र होता. त्यामुळे समाजमाध्यम धोरण कितीही चांगले असते तरी ते इथे उपयोगी पडले नसते. कंपनी चुकली ती दुसरीकडे. हे आपोआप विरेल, या आशेने अधिकाऱ्यांनी सुरुवातीला फारसा गाजावाजा केला नाही. दोन दिवसांनी कंपनीच्या अमेरिकेतल्या अध्यक्षांनी यूट्यूबवरच माफीची चित्रफीत टाकली, पण तोवर बातमी सगळीकडे पोहोचली होती. म्हणून चांगल्या धोरणात कर्मचाऱ्यांसाठीच्या सूचनांइतकेच कंपनीसाठीचे कलमही असावे लागते: आग लागली तर पहिल्या काही तासांत कोणाला कळवायचे, कोण बोलणार आणि कोणत्या माध्यमावर.

बदनामी नेहमी टीकेतूनच होते असेही नाही. त्याच वर्षी होंडाने आपल्या क्रॉसटूर गाडीची छायाचित्रे फेसबुकवर टाकली तेव्हा बहुतेकांनी नाके मुरडली. एक जण मात्र गाडीवर भलताच खूश होता. शोध घेणाऱ्यांनी काढले की तो होंडाचाच व्यवस्थापक आहे. त्याने ते उघड केले नव्हते. कंपनीला त्याची पोस्ट काढून टाकावी लागली. गाडीचा आकार लोकांना आवडला नाही हे एकवेळ चालले असते, पण आपलाच माणूस गिऱ्हाईक बनून बोलला हे जास्त झोंबले. तेव्हापासून जाणती धोरणे एक वाक्य हमखास घालतात: कंपनीच्या मालाबद्दल लिहायचे तर आधी आपण तिथे नोकरी करतो हे सांगा आणि मत स्वतःचे आहे हेही सांगा.

भारतात चित्र वेगळे आहे. खासगी नोकराच्या फेसबुकवरच्या तक्रारीला अमेरिकेच्या कलम 7 सारखे थेट संरक्षण इथे नाही, आणि संविधानातले भाषणस्वातंत्र्य मुख्यतः सरकारविरुद्धचे आहे, मालकाविरुद्धचे नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2023 मध्ये दिलेला एक निकाल म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. हिताची अस्टेमो फाय या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत वेतनवाढीचा वाद चालू असताना एका कामगाराने व्यवस्थापनाविरुद्ध फेसबुकवर पोस्ट टाकल्या. चौकशी होऊन त्याला बडतर्फ केले गेले. कामगार न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला, पण उच्च न्यायालयाने तो फिरवला. पोस्टचा हेतू कंपनीविरुद्ध चिथावणी देण्याचा होता आणि काही घडण्याची वाट न पाहता अशा गोष्टी सुरुवातीलाच रोखायला हव्यात, असा न्यायालयाचा सूर होता. वेतनाचा वाद ही पार्श्वभूमी लक्षात घेतली तर लेक ब्लफच्या कसोटीवर या प्रकरणात बराच वेगळा युक्तिवाद झाला असता. इथला कामगार मालकाच्या धोरणावर आणि चौकशीच्या न्याय्यतेवर किती जास्त अवलंबून आहे, ते यातून दिसते.

कधी पोस्टचा कंपनीशी काडीचाही संबंध नसतो आणि तरी चटका कंपनीलाच बसतो. एप्रिल 2018 मध्ये कठुआच्या अत्याचारपीडित बालिकेबद्दल कोची इथल्या कोटक महिंद्रा बँकेच्या एका कर्मचाऱ्याने फेसबुकवर द्वेषाने भरलेला शेरा मारला. तो कुठे काम करतो हे लोकांनी शोधून काढले आणि बँकेच्या फेसबुक पानावर संतापाचा पूर आला. त्या कर्मचाऱ्याला कामगिरी असमाधानकारक असल्यामुळे आधीच काढले होते, असे बँकेने जाहीर केले आणि त्या शेऱ्याचा निषेधही केला. सुट्टीच्या वेळी, स्वतःच्या खात्यावर, स्वतःच्या फोनवरून लिहिले, हा बचाव अशा वेळी टिकत नाही. हिंसा किंवा द्वेष यांचे समर्थन करणारा मजकूर कुठल्याही वेळी लिहिला तरी तो गैरवर्तन मानला जाईल, हे म्हणूनच धोरणात स्वतंत्र कलम करून सांगावे लागते.

सरकारी नोकरांचे दुखणे आणखी वेगळे. महाराष्ट्र शासनाने जुलै 2025 मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी समाजमाध्यमांचे नियम जारी केले. कंत्राटी कर्मचारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थाही त्यात आल्या. त्यातले काही नियम वॉलमार्टच्या मसुद्याइतके नेमके आहेत: वैयक्तिक आणि कार्यालयीन खाते वेगळे ठेवा, वैयक्तिक खात्यावरच्या रील्समध्ये गणवेश, शासकीय बोधचिन्ह, गाडी किंवा इमारत दाखवू नका, गोपनीय कागदपत्रे टाकू नका. हे वाचून शिपायालाही कळते की काय करायचे नाही. राज्य किंवा केंद्र सरकारच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करू नका, हा नियम मात्र दुसऱ्या जातीचा आहे. प्रतिकूल टीका कुठे सुरू होते? एखाद्या शिक्षिकेने शाळेच्या गळक्या छताचा फोटो टाकला तर ती टीका की माहिती?

त्रिपुरा उच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये अशाच एका प्रकरणात बोलके उत्तर दिले होते. मत्स्य खात्यातल्या एका कर्मचारी महिलेला निवृत्तीच्या चार दिवस आधी निलंबित केले गेले. ती राजकीय सभेला गेली आणि तिने फेसबुकवर पोस्ट टाकली, असा आरोप होता. सरकारी नोकर झाल्याने नागरिकाचा भाषणस्वातंत्र्याचा हक्क संपत नाही, तो आचारनियमांच्या चौकटीत राहतो, असे सांगून न्यायालयाने कारवाई रद्द केली.

हे सगळे ध्यानात घेऊन एखाद्या दोनशे माणसांच्या कारखान्याला आपले धोरण लिहायचे असेल तर ते दोन पानांत बसते. सुरुवात कंपनीच्या नावलौकिकाला बाधा येईल असे काहीही करू नये, या वाक्याने करायची नाही. तिथे लिहायचे: ग्राहकाचे नाव, त्याच्या कामाचे फोटो, न आलेल्या उत्पादनाचे नमुने, निविदांचे आकडे आणि यंत्रांची रेखाचित्रे कुठेही टाकू नयेत. स्वतःचा पगार, कामाचे तास आणि सुरक्षिततेची तक्रार यांना हा नियम लागू नाही, हेही पुढच्याच ओळीत लिहायचे. उत्पादन विभागात चित्रीकरण करायला बंदी असेल तर कोणत्या दारापासून कोणत्या दारापर्यंत, ते सांगायचे. रुग्णालय असेल तर रुग्णाचा चेहरा, केसपेपर आणि खाटेचा क्रमांक ही तीन नावे घ्यायची. शस्त्रक्रियागृहात नाचण्याच्या रील्समागे एखादा रुग्ण किंवा त्याचा कागद दिसला की तो नुसत्या बदनामीचा नाही, रुग्णाच्या गोपनीयतेचा प्रश्न होतो.

नंतर तक्रारीची वाट सांगायची. तक्रार कोणाकडे करायची, तिला किती दिवसांत उत्तर मिळेल आणि उत्तर न मिळाल्यास पुढे कोण, हे लिहिलेले नसेल तर माणूस फेसबुककडे जाणारच. व्हॉट्सअ‍ॅपच्या खासगी गटातला संदेश आणि सार्वजनिक पोस्ट यांत फरक करायचा, पण गटातला संदेशही कोणी तरी टिपून बाहेर काढू शकते, हे कर्मचाऱ्यांना स्पष्ट सांगायचे.

शेवटचे कलम कारवाईचे असते आणि बहुतेक कंपन्या इथेच घसरतात. पोस्ट दिसली की तासाभरात माणूस काढायचा, अशी घाई होते. आधी ती पोस्ट कोणत्या खात्यावरून, कधी आली आणि तिचा पूर्ण मजकूर काय, हे जपून ठेवावे लागते. कापलेल्या स्क्रीनशॉटवरून अर्थ उलटा लागू शकतो आणि बनावट स्क्रीनशॉट करायला फारशी अक्कल लागत नाही. मग कारणे दाखवा नोटीस, कर्मचाऱ्याचे म्हणणे, चौकशी आणि चुकीच्या मानाने शिक्षा. क्नाउझच्या प्रकरणात कंपनी जिंकली, कारण नोकरी नेमकी कोणत्या पोस्टमुळे गेली हे ती दाखवू शकली. दोन्ही पोस्ट एकाच पोत्यात घातल्या असत्या तर कदाचित हरली असती.

धोरणाची परीक्षा घेण्याचा एक सोपा मार्ग आहे. ते जाहीर करण्याआधी मनुष्यबळ विभागाने पाच काल्पनिक पोस्ट लिहाव्यात: बोनस लांबल्याची तक्रार, कँटीनच्या डाळीची टिंगल, ग्राहकाच्या गाडीचा फोटो, स्वतःच्याच मालाची खोटी स्तुती आणि अपघाताचा विनोद. दहा कर्मचाऱ्यांना धोरण वाचायला देऊन यातले काय चालेल, काय नाही, ते वेगवेगळे लिहायला सांगावे. दहा जणांची उत्तरे जिथे जुळत नाहीत, ते कलम पुन्हा लिहावे. आणि ज्यांच्या हाती असे धोरण सहीसाठी येते, त्यांनी सही करण्याआधी पगाराबद्दल बोलणे त्यात गोपनीय ठरवले आहे का, एवढे तरी विचारून घ्यावे.